क्लोरीनचं उत्तर

त्या उत्तरावर मी लाल पेनाने तिरपी रेघ मारली, आठपैकी दोन गुण दिले आणि पुढचा पेपर घेतला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. त्या महिन्यात मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

मी साकोलीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला भौतिक रसायन माझ्याकडे असतं. ताई आणि मी, दोघी बहिणी, हायवेच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या घरात राहायचो. दोघींचंही लग्न झालेलं नव्हतं. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, नर्स होती. आईवडील लवकर गेले, मला तिनेच वाढवलं. श्रावणात तिच्या दोन्ही किडन्या बंद पडल्या. सहा आठवडे नागपूरच्या दवाखान्यात मी तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसून काढले आणि मग ती गेली. बुद्धविहारातले लोक घरी आले, परित्राण पाठ झाला, पुण्यानुमोदनाचं जेवण झालं, नातेवाईक आपापल्या गावी परतले. त्यानंतरच्या सोमवारी मी कॉलेजात रुजू झाले.

सगळे म्हणाले, अजून काही दिवस रजा घ्या. मी घेतली नाही, कारण घरी बसून काय करायचं ते मला सुचत नव्हतं. कॉलेजात निदान घंटा वाजली की उठायचं आणि दुसरी वाजली की थांबायचं, एवढं तरी ठरलेलं होतं. रडू येत नव्हतं. तोंडाला चव नव्हती, पण मी वेळेवर जेवत होते. सकाळी कुकरमध्ये दोघींचा तांदूळ टाकायचे, उरलेला भात दुपारी शेजारणीच्या गाईला घालायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच टाकायचे. मोजून घ्यावं असं मनात यायचं, पण हात ऐकत नसे.

वर्गात तेव्हा वायूंच्या उष्माधारकतेचा, म्हणजे वायू एका अंशाने तापवायला किती उष्णता लागते त्याचा, भाग चालू होता. हा भाग मी अकरा वर्षं शिकवत होते. वहीत न बघता बोलता यायचं, आणि त्या दिवसांत मी तशीच बोलत होते. हीलियमसारखा एका अणूचा वायू असेल तर त्याच्या रेणूला फक्त इकडून तिकडे धावता येतं. तीन दिशा, म्हणून स्थिर घनफळाला त्याची मोलर उष्माधारकता दीड R. R म्हणजे सगळ्या वायूंना लागू असणारा स्थिरांक, आठ पूर्णांक एकतीस जूल. दोन अणूंचा रेणू धावतो आणि गरगर फिरतोही. फिरण्याच्या ऊर्जेची पायरी इतकी बारीक असते की खोलीच्या तापमानाला ते पूर्ण चालू असतं, त्याचा आणखी एक R. झाले अडीच. याशिवाय हे दोन अणू स्प्रिंगला बांधल्यासारखे जवळ येतात, दूर जातात. या कंपनाचाही जुन्या हिशोबाने एक R मिळायला हवा, म्हणजे एकूण साडेतीन. पण हवा मोजली तर अडीचच भरते. का? कारण कंपनाची ऊर्जा पायऱ्यापायऱ्यांनीच घेता येते, आणि नायट्रोजन किंवा ऑक्सिजनमध्ये ही पायरी फार उंच असते. ती किती उंच आहे हे सांगायला तिला तापमानाच्या भाषेत लिहितात. त्या आकड्याला आम्ही थीटा म्हणतो. नायट्रोजनचा थीटा तीन हजार तीनशे सत्तर केल्विनच्या आसपास.

"म्हणून," मी फळ्याकडे तोंड करून म्हणाले, "थीटा तापमानापेक्षा मोठा असेल तर कंपन धरायचं नाही. अडीच R लिहायचं."

हे वाक्य अर्धवट होतं. आधीच्या वर्षांत मी त्यात 'पुष्कळ मोठा' म्हणायचे आणि पुढे सूत्र लावून दाखवायचे. त्या वर्षी मी 'पुष्कळ' म्हटलं नाही, आणि सूत्र लिहिलं ते लावून न दाखवताच पुसलं.

दुसऱ्या बाकावरच्या विद्यार्थिनीने हात वर केला. ती लाखांदूरजवळच्या एका गावातून एस.टी.ने यायची. वय सत्तावीस, लग्न झालेलं, चार वर्षांची मुलगी. बी.एस्सी.नंतर पाच वर्षं घरी राहून ती पुन्हा शिकायला आली होती.

"मॅडम, अडीच अन् साडेतीनच्या मधात काही नसते का?"

"असतं. तापमान वाढवलं की," मी म्हणाले. तेवढ्यात घंटा झाली.

त्याच आठवड्यात चाचणीचा पेपर काढायचा होता. मी गेल्या वर्षीचा पेपर समोर ठेवला. त्यात आठ गुणांना नायट्रोजनचा प्रश्न होता. तोच पुन्हा द्यायला नको म्हणून नायट्रोजन खोडून क्लोरीन लिहिलं, पुस्तकाच्या मागचा तक्ता उघडून क्लोरीनचा थीटा पाहिला, आठशे पाच केल्विन, आणि तो घातला. तापमान तीनशे केल्विन तसंच ठेवलं. उत्तर मी काढून पाहिलं नाही. माझ्या डोक्यात उत्तर आधीच तयार होतं, वीस पूर्णांक आठ जूल. अडीच R.

अठरा जणांनी पेपर दिला. सतरा जणांनी लिहिलं की आठशे पाच हे तीनशेपेक्षा मोठं, म्हणून कंपन बंद, उत्तर वीस पूर्णांक आठ. मी त्यांना आठपैकी आठ दिले. एकीने पानभर आकडेमोड केली होती आणि शेवटी चौकटीत साडेपंचवीस लिहिलं होतं. चौकटीकडे पाहून मी रेघ मारली. वरचं पान वाचलं नाही.

नागपूरच्या एका संस्थेत दिवाळीनंतर तीन आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. मोठी यंत्रं, वर्णपट काढून बघायची संधी. आमच्या कॉलेजला दोन जागा होत्या. या चाचणीत पहिले येणारे दोघं जाणार, असं विभागप्रमुखांनी आधीच सांगून ठेवलं होतं. गुण लागले. चाळीसपैकी चौतीस घेऊन एक मुलगा पहिला आला, तेहतीस घेऊन तुमसरची एक मुलगी दुसरी. लाखांदूरकडची एकोणतीसवर राहिली. यादी नागपूरला गेली.

यादी लागली त्या दिवशी दुपारी ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. हातात तिचा तपासलेला पेपर आणि ग्रंथालयाचं जाड पुस्तक, त्यात बोट घालून पान धरलेलं.

"मॅडम, येऊ का?"

"ये."

"मले गुणांचं नाही विचारायचं. मले फक्त समजून घ्यायचं होतं का माझं कुठं चुकलं." तिने पुस्तक माझ्यासमोर उघडलं. "याच्यात क्लोरीनची स्थिर दाबाची उष्माधारकता तेहतीस पूर्णांक नऊ देल्ली आहे. त्याच्यातून एक R वजा केला तं स्थिर घनफळाची येते, पंचवीस पूर्णांक सहा. माझं साडेपंचवीस आलं होतं. वीस पूर्णांक आठ कसं येते ते काही मले जमून नाही राहिलं."

मी तक्त्यातल्या त्या ओळीवर तिचं बोट पाहत होते. नखाला धानाच्या पेंढीचा हिरवा डाग होता. कापणी चालू होती, अर्धा वर्ग रोज गैरहजर असायचा.

"पेपर ठेवून जा," मी म्हणाले. "बघते."

"हो मॅडम." ती थांबली. आणखी काही बोलावं असं तिच्या मनात असावं. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "माझी गाडी आहे," म्हणाली आणि गेली.

मी पेपर पिशवीत टाकला. घरी गेल्यावर कुकर लावला आणि तो होईपर्यंत करायला काही नव्हतं म्हणून ओट्यापाशीच उभी राहून तो वाचला.

तिने कुठलाही टप्पा गाळलेला नव्हता. आधी थीटाला तापमानाने भागलं होतं. आठशे पाच भागिले तीनशे, दोन पूर्णांक अडुसष्ट. त्याचा वर्ग, सात पूर्णांक दोन. मग घातांकाचा भाग, मग खालच्या कंसाचा वर्ग. मी ओट्यावर कॅल्क्युलेटर ठेवून तेच आकडे मारले. शून्य पूर्णांक सत्तावन्न R. कंपनाचा निम्म्याहून जास्त वाटा तीनशे केल्विनलाच मिळत होता. अडीच अधिक सत्तावन्न शतांश, गुणिले आठ पूर्णांक एकतीस. साडेपंचवीस.

खात्रीसाठी नायट्रोजनचा आकडा घालून पाहिला. शून्य पूर्णांक शून्य शून्य सतरा. तिथे अडीच लिहिलं तरी काही बिघडत नाही. क्लोरीनला बिघडतं. अकरा वर्षं शिकवणाऱ्या बाईने एका वायूचं नाव खोडून दुसऱ्याचं लिहिलं होतं आणि उत्तर पहिल्याचंच ठेवलं होतं.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मी गॅस बंद केला. आता मला लाज वाटायला हवी, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. वाटली नाही. छातीवर हात ठेवला तर ठोके नेहमीचेच होते. मला त्याची थोडी भीती वाटली, तीही लांबून, दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकावं तशी. जेवून मी भांडी घासली आणि वेळेवर झोपले.

सकाळी विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. ते सेंद्रिय रसायनाचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. माणूस वाईट नव्हता. ताई दवाखान्यात असताना त्यांनी माझे तास स्वतः घेतले होते.

मी पेपर त्यांच्यापुढे ठेवून काय झालं ते सांगितलं.

"थांबा, थांबा," ते म्हणाले. "मले हे थीटा-बिटा काही आठवत नाही. तुम्ही म्हणता का सतरा जणांचं चूक अन् एकीचं बरोबर?"

"हो सर."

"यादी तं गेली नागपूरले."

"यादी बदलावी लागेल."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, कायले उकरून काढता? तिने तक्रार केली का?"

"नाही. तिने विचारलं फक्त."

"मग तिले बोलावून समजावून सांगा. म्हणा का चुकून झालं. तुमच्या घरी एवढं झालं, सगळ्याइले माहीत आहे. ताई गेल्या, तुमचं चित्त ठिकाणावर नव्हतं. कोणी एक शब्द बोलणार नाही."

ते हे मायेने म्हणत होते आणि मला ते कळत होतं. तरी त्या बोलण्याने माझ्या मानेत काहीतरी ताठ झालं. ताई रोजच्या ओळखीच्या रोग्याला सुई टोचायची असली तरी आधी औषधाच्या बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचायची. ती ड्यूटीवर चुकली म्हणून कोणाला कधी भोगावं लागलं नव्हतं. आणि आता माझी चूक तिच्या नावावर मांडली जात होती.

"सर, ताईचा याच्याशी संबंध नाही," मी म्हणाले. "मी उत्तर काढून पाहिलं नाही. एवढंच झालं."

त्यांनी पेपराची पानं उलटली. "मग बाकीच्याइचे गुण कापणार?"

"नाही. त्यांनी मी सांगितलं तेच लिहिलं. त्यांचे राहू द्या. तिला आठ द्यायचे."

"म्हणजे पस्तीस. ते पहिली येते." त्यांनी बोटांवर मोजलं. "अन् तुमसरवाली बाहेर जाते. तिले कोण सांगन?"

"मी सांगते."

त्यांनी माझ्यासमोरच नागपूरला फोन लावला. नावं शनिवारपर्यंत बदलता येतील, असं तिकडून कळलं. तिसरी जागा मिळेल का, हेही त्यांनी विचारलं. मिळणार नव्हती.

त्याच दिवशी दुसऱ्या तासाला मी वर्गात गेले. अकरा जण होते. मी हजेरी घेतली नाही.

"चाचणीतल्या क्लोरीनच्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं धरलं होतं," मी म्हणाले. "वर्गात शिकवतानाही अर्धवट सांगितलं. तुम्ही मी सांगितल्याप्रमाणे लिहिलंत, म्हणून तुमचे गुण कापलेले नाहीत. पण उत्तर वीस पूर्णांक आठ नाही. एकीचंच बरोबर होतं. ती आता फळ्यावर सांगेल."

लाखांदूरकडच्या विद्यार्थिनीने मान वर केली. आपल्याला उठायचं आहे हे तिला जरा उशिराने कळलं. पदर खोचून ती फळ्यापाशी आली. आधी फक्त आकडे लिहीत गेली, बोलली नाही. कंपनाचा वाटा शून्य पूर्णांक सत्तावन्न R इथवर आल्यावर मागून एकाने विचारलं,

"पण आठशे पाच तं तीनशेहून मोठंच आहे ना? मग कंपन बंद काहून नाही?"

ती खडू हातात धरून उभी राहिली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

"बंद-चालू असं नसते ते," ती म्हणाली. "सगळ्या रेणूइजवळ सारखी ऊर्जा नसते. कोणाजवळ कमी, कोणाजवळ जास्त. तीनशेले क्लोरीनच्या हजारातल्या अडुसष्ट रेणूइले पहिली पायरी चढता येते. नाहीतं त्याच्याही वरची. बाकीचे खालीच राहतात. नायट्रोजनची पायरी उंच. तिथं लाखात एक चढते. म्हणून नायट्रोजनचं कंपन धरलं काय, न धरलं काय."

"हजारात अडुसष्टच?" तो म्हणाला. "मग निम्मा R कसा मिळन?"

यावर ती गोंधळली. मी मागच्या भिंतीपाशी उभी होते. मला बोलायचं नव्हतं, पण गप्प राहिले असते तर तिची फजिती झाली असती.

"उष्माधारकता म्हणजे किती जण चढून बसलेत ते नाही," मी म्हणाले. "तापमान थोडं वाढवलं की आणखी किती चढतात, आणि चढताना प्रत्येक जण किती ऊर्जा घेतो, ते. तीनशेदहाला आकडा काढून बघ."

तिने कॅल्क्युलेटर मारला. "चौऱ्याहत्तर," ती म्हणाली. "नाही, पंचाहत्तरच्या जवळ."

"दहा अंशात हजारामागे सहा-साडेसहा जण वर गेले. आणि प्रत्येकाने आठशे पाचची अख्खी पायरी उचलली. ती ऊर्जा वायू गरम करताना तुम्हालाच द्यावी लागते. म्हणून उष्माधारकता वाढते."

मग मी पुढे गेले आणि खडू घेतला. नायट्रोजनचे तीन आकडे लिहिले. तीनशेला कंपनाचा वाटा जवळजवळ शून्य. हजारला शून्य पूर्णांक बेचाळीस. तीन हजारला शून्य पूर्णांक नव्वद. खाली तीनशे केल्विनला आयोडीनच्या वाफेचा आकडा लिहिला. जड अणू, सैल बंध, थीटा तीनशे आठ, आणि वाटा शून्य पूर्णांक ब्याण्णव. तापमान थीटाच्या दहाव्या हिश्श्याएवढं असेल तर कंपन विसरा, मी म्हणाले. तिसऱ्या हिश्श्याला आलं की निम्मा वाटा मिळायला लागलेला असतो. थीटाएवढं झालं की दहातले नऊ भाग मिळालेले असतात, आणि मग कितीही तापवलं तरी एका R च्या वर जात नाही. क्लोरीन तीनशेला तिसऱ्या हिश्श्याच्या जरा पुढे आहे. एवढंच सांगायचं होतं, ते मी आधी सांगायला हवं होतं.

सगळे लिहून घेत होते. तुमसरची मुलगी लिहीत नव्हती. ती पहिल्या बाकावर बसायची. तिचे वडील राईस मिलमध्ये कामाला होते आणि ती घरातली पहिलीच एवढी शिकणारी. तास संपल्यावर मी तिला थांबवलं आणि व्हरांड्यात नेऊन यादी बदलल्याचं सांगितलं.

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही शिकवलं तेच मी लिहिलं."

"हो."

"मग माझं काय चुकलं?"

"तुझं काही चुकलं नाही."

"घरी सांगून झालं होतं. बाबाने मिलमधल्या सगळ्याइले सांगतलं."

पुढच्या वर्षी पुन्हा जागा येतील, असं काहीतरी मी म्हणाले. पुढच्या वर्षी ती इथे नसणार, हे आम्हा दोघींना माहीत होतं. तिने मान हलवली, दप्तर खांद्यावर नीट केलं आणि जिन्याने खाली गेली. मी व्हरांड्यात उभी राहिले. खाली मैदानात कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं. ती बसेपर्यंत मी बघत होते.

लाखांदूरकडची संध्याकाळच्या गाडीआधी भेटायला आली. मला वाटलं आभार मानेल. तिने मानले नाहीत.

"तिचं नाव काहून काढलं, मॅडम?"

"दोनच जागा आहेत."

"मी तं जागेसाठी आलीच नव्हती. आमच्या घरी धान निघून राहिलं. पोरगी लहान. मले जायला भेटन का नाही तेही माहीत नाही."

"नाही जमलं तर शुक्रवारपर्यंत सांग. मग तिचं नाव परत देऊ. पण तू आधी घरी विचार. माझ्या सांगण्यावरून नाही म्हणू नको."

ती म्हणाली, "रेघ पाह्यली तेव्हा मले वाटलं, पाच वर्षं घरी बसली तं डोकं गेलं आपलं. तीन रात्री तेच गणित करून पाह्यलं. दर खेपेले साडेपंचवीसच ये."

"बरोबर होतं ते."

"हो. आता समजलं." तिने पुस्तक छातीशी धरलं. "जाणं न जाणं मी ठरवीन, मॅडम. पण गणित चुकलं म्हणून राहिली असं नको होतं व्हायला."

शुक्रवारपर्यंत ती काही बोलली नाही. शुक्रवारी सकाळी येऊन जाते म्हणाली. मुलीला तिची आई सांभाळणार होती, आणि कापणीला नवऱ्याने दोन बाया जास्तीच्या लावल्या होत्या. सासू दोन दिवस बोलली नाही, मग स्वतःच डब्यात चिवडा भरून देते म्हणाली. हे तिने मला कसलाही रंग न चढवता सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घर झाडलं. ताईच्या पांढऱ्या गणवेशाच्या साड्या तिच्या बरोबरच्या एका नर्सबाईंना दिल्या. बाकी कपाट तसंच ठेवलं. माझी शिकवण्याची जुनी वही काढली आणि त्या भागाची पानं नव्याने लिहिली. प्रत्येक आकडा पुन्हा काढला. एका दिवसात दोन पानं, कधी एकच. काम चालू असताना बरं वाटायचं असं नाही, पण दुपार जायची.

नागपूरहून तिचा एकदा फोन आला. हायड्रोजन क्लोराईडचा वर्णपट त्यांनी स्वतः काढला होता. शोषणाच्या रेघांच्या मधोमध दोन हजार आठशे शहाऐंशी असा आकडा आला होता, त्यावरून तिने थीटा काढला होता.

"चार हजार एकशे पन्नास आला, मॅडम. बरोबर आहे का?"

मी कागदावर करून पाहिलं. "बरोबर आहे. तक्त्यात थोडा जास्त दिसेल. स्प्रिंग अगदी आदर्श नसते म्हणून."

"मी क्लोरीनचाही काढू म्हणत होती. पण इथले सर म्हणाले का या यंत्रावर क्लोरीन दिसतच नाही."

"दोन्ही अणू सारखे आहेत. कंपन झालं तरी विद्युतभार इकडचा तिकडे सरकत नाही, म्हणून ते हा प्रकाश शोषत नाही. कंपन असतं, फक्त या वाटेने दिसत नाही. त्याला रामन वर्णपट लागतो."

"असं होय," ती म्हणाली. मग तिने मुलीचा ताप उतरल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला.

सुट्टीनंतर दुसरी चाचणी झाली. या वेळी प्रश्न ऑक्सिजनचा होता, तीनशेला आणि हजारला, आणि पुस्तक जवळ ठेवायची मी मुभा दिली होती. उत्तरं आधी स्वतः काढून, एका कागदावर लिहून, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून मग पेपर छापायला दिला. अडीचच्या जरा वर, दोन पूर्णांक त्रेपन्न R. आणि तीन पूर्णांक सतरा R.

तुमसरची मुलगी व्हरांड्यातल्या त्या बोलण्यानंतर माझ्याशी बोलली नव्हती. समोर आली की नमस्कार करायची, तास चुकवायची नाही, पण प्रश्न विचारणं तिने बंद केलं होतं. पहिल्या बाकावरून ती तिसऱ्यावर गेली होती. मी तिला काही म्हटलं नाही. म्हणायचा अधिकार माझ्याकडे उरला नव्हता असं मला वाटायचं, किंवा तेवढी ताकद नव्हती.

तिचा पेपर गठ्ठ्याच्या मध्यावर होता. तिने दोन्ही तापमानांची आकडेमोड सविस्तर केली होती. कुठलाही टप्पा गाळलेला नव्हता. मी वरपासून खालपर्यंत वाचलं, प्रत्येक ओळीशेजारी कॅल्क्युलेटर मारत. दोन्ही उत्तरं बरोबर होती. चौकटीखाली तिने बारीक अक्षरात एक ओळ लिहिली होती, 'हे उत्तर मी पुस्तकातल्या तक्त्याशी स्वतः ताडून पाहिले आहे.'

मी ती ओळ दोनदा वाचली. ताई गेल्यापासून पहिल्यांदाच मला रडू येईलसं वाटलं. स्टाफरूममध्ये दुसरे दोन प्राध्यापक चहा पीत होते, म्हणून मी खाली मान घालून बसून राहिले. ते आपोआप ओसरलं. मग मी आठपैकी आठ लिहिले, त्या ओळीशेजारी बरोबरची एक छोटी खूण केली आणि पुढचा पेपर घेतला.